बेचाळीस दिवस, एकोणचाळीस दिवस आणि ट्रायला लिहायचे पत्र

महिन्याचे भाडे २४९ रुपये, सरासरी बिल ५५५ रुपये, आणि ८ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१३ या एका महिन्याचे बिल २४,६०९ रुपये ५१ पैसे. अहमदाबादच्या एका पोस्टपेड ग्राहकाची ही तक्रार होती. नेहमीच्या बिलाच्या हे बिल चव्वेचाळीस पट भरते. २५ मे २०१४ रोजी तो जिल्हा ग्राहक मंचात गेला आणि २२ हजार रुपयांची भरपाई व त्यावर व्याज मागितले. व्होडाफोन कंपनीने बिलाच्या खरेखोटेपणात शिरण्याआधीच हरकत घेतली की, हा वाद ऐकण्याचा अधिकारच ग्राहक मंचाला नाही. जिल्हा मंच, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग आणि सर्वोच्च न्यायालय अशा चार पायऱ्या चढल्यावर १६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या हरकतीचा निकाल लागला. ग्राहक मंचाला अधिकार आहे, असे न्यायालयाने सांगितले. सात वर्षे आणि जवळजवळ नऊ महिने गेले, आणि एवढ्या काळात ठरले ते फक्त भांडायचे कुठे.

बिलाची तक्रार आठवडेच्या आठवडे पडून राहिली की बहुतेक जण हे भांडण चुकीच्या दारात नेतात. बुऱ्हाणपुरातही वेगळे नाही. बिलात भलताच आकडा आला, कॉल सेंटरवर चार वेळा बोलून झाले, की कोणीतरी सांगतो, ‘ट्रायला लिहा, सरळ होतील.’ मग भोपाळच्या नाहीतर दिल्लीच्या पत्त्यावर दोन पानी पत्र जाते. त्यात कंपनीने कसा मनस्ताप दिला ते सविस्तर असते. तक्रार कोणत्या तारखेला नोंदवली आणि तिचा क्रमांक काय, हे मात्र नसते. असे पत्र वाया जाते. कशामुळे जाते, आणि कोणते पत्र वाया जात नाही, हे समजायला चार-पाच आकडे पुरे आहेत.

ट्राय काय करू शकत नाही

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्राय १९९७ च्या कायद्याने उभे राहिले. २००० साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि तंटे सोडवण्याचे काम ट्रायकडून काढून टीडीसॅट या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे गेले. तिथे ग्राहकांचा गटच जाऊ शकतो. एकट्या ग्राहकाची जी तक्रार ग्राहक मंचात चालू शकते, ती कायद्याच्या चौदाव्या कलमाने टीडीसॅटच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणजे तुमचे साडेतीन हजार रुपये परत करा असा हुकूम ट्राय देऊ शकत नाही, आणि तुम्ही एकटे असाल तर टीडीसॅटही तो देणार नाही. ट्रायकडे आलेली वैयक्तिक तक्रार ट्राय संबंधित कंपनीकडे कार्यवाहीसाठी पाठवून देते. ज्या कंपनीने तुमच्याकडे दुर्लक्ष केले तिच्याच टेबलावर तुमचे पत्र परत जाते.

हे वाचून पत्र लिहायचेच कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण ट्रायच्या हातात दुसरी एक गोष्ट आहे आणि ती लहान नाही. कंपनीने तक्रार कशी नोंदवायची, किती दिवसांत सोडवायची, नाही सोडवली तर अपील कोणाकडे आणि त्याचा निर्णय किती दिवसांत, हे नियम ट्रायने केलेले आहेत. तक्रार निवारणाचे सध्याचे नियम ५ जानेवारी २०१२ चे आहेत. तुमचे बिल चुकीचे आहे की नाही, हे ट्राय ठरवत नाही. कंपनीने ट्रायचा नियम मोडला की नाही, हा मात्र थेट ट्रायचा विषय आहे. त्यामुळे पत्राचा विषय बिल हा नसावा. मोडलेली मुदत हा असावा. या एका बदलाने सगळे पत्र बदलते.

शंभर, अठ्ठ्याण्णव आणि दोन

मुदत किती, ते पाहू. ट्रायच्या सेवागुणवत्तेच्या नियमांत पोस्टपेड बिलांसाठी मापदंड असा की, एका बिलिंग चक्रात निघालेल्या बिलांपैकी ०.१ टक्क्यापेक्षा जास्त बिले वादात पडू नयेत. एखाद्या कंपनीने एका सर्कलमध्ये एक लाख बिले काढली, तर शंभर बिलांपर्यंत तक्रारी आल्या तरी कंपनी मापदंडात बसते. या शंभर तक्रारींचे काय करायचे, तर २०१२ नंतर वर्षानुवर्षे चालत आलेला हिशेब असा: ९८ टक्के तक्रारी चार आठवड्यांत सुटल्या पाहिजेत आणि सगळ्या शंभर टक्के सहा आठवड्यांत. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत, आणि उरलेल्या दोन बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. तक्रार ग्राहकाच्या बाजूने सुटली, तर त्यानंतर एका आठवड्यात ती रक्कम खात्यात वळती व्हायला हवी. २०२४ मध्ये ट्रायने सेवागुणवत्तेचे नवे एकत्रित नियम लागू केले. पण ग्राहकाने आपल्या बाजूने बेचाळीस दिवस ही शेवटची मर्यादा धरली, तर कंपनीला ‘अजून मुदत आहे’ असे म्हणायला जागा उरत नाही.

हा मापदंड कंपनीच्या एकूण कामगिरीचा आहे, हे विसरू नये. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव तक्रारी वेळेत सुटल्या की अहवालात ती कंपनी चांगली दिसते. तुम्ही उरलेल्या दोघांत असाल, तर त्या अहवालाचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. मापदंड मोडल्याबद्दल ट्राय कंपनीला आर्थिक दंडही लावू शकते. २०२४ च्या नियमांत त्याची सुरुवातीची रक्कम ५० हजारांवरून एक लाखापर्यंत नेली. पण ते पैसे सरकारी खात्यात जातात, ग्राहकाच्या बिलातून वजा होत नाहीत. ज्याचे पैसे अडकले आहेत त्याने तारखा स्वतः सांभाळल्या पाहिजेत, ते याचसाठी.

एक बिल उलगडून

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. बुऱ्हाणपुरात यंत्रमागाच्या कापडाचा व्यवहार करणाऱ्या एका गृहस्थांचा पोस्टपेड प्लॅन ४९९ रुपयांचा आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी ८९ रुपये ८२ पैसे, म्हणजे दरमहा ५८८ रुपये ८२ पैसे. एका महिन्यात बिलावर ‘आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक २,९९९’ अशी ओळ येते. गृहस्थ भारताबाहेर गेलेले नाहीत, पॅक मागितलेला नाही. आता बिल होते ३,४९८ अधिक जीएसटी ६२९ रुपये ६४ पैसे, एकूण ४,१२७ रुपये ६४ पैसे.

वादाची रक्कम किती? बहुतेक जण २,९९९ लिहितात आणि तिथेच ५३९ रुपये ८२ पैसे सोडून देतात. पॅकच चुकीचा असेल, तर त्यावरचा जीएसटीही चुकीचा. वादाची खरी रक्कम ३,५३८ रुपये ८२ पैसे आणि वाद नसलेली रक्कम ५८८ रुपये ८२ पैसे. दोन्हींची बेरीज बिलाच्या एकूण रकमेइतकी आली पाहिजे. न आली, तर तक्रार नोंदवण्याआधी आपलाच हिशेब पुन्हा तपासावा, कारण कंपनी पहिले बोट तिथेच ठेवते. वाद नसलेली रक्कम मुदतीत भरून पावती जपून ठेवणे शहाणपणाचे. ‘ग्राहकाने काहीच भरले नाही’ हे वाक्य मग कंपनीला लिहिता येत नाही.

पोस्टपेडवाल्यांनी याच वेळी आणखी एक प्रश्न लेखी विचारावा: माझी क्रेडिट लिमिट किती होती, आणि तिच्या ८० टक्क्यांवर वापर गेल्यावर मला निरोप पाठवला होता का? असा निरोप पाठवण्याचा निर्देश ट्रायने २७ जून २००५ रोजीच दिला आहे. बिल अचानक पाचपट, दहापट झाले असेल, तर निरोप कधी गेला हे कंपनीच्या नोंदीत असायला हवे. नोंद नसेल, तर तुमच्या पत्रात नियमभंगाचा एक मुद्दा वाढला. प्रीपेडवाल्यांना बिल येत नाही, पण गेल्या सहा महिन्यांतल्या वापराचा तपशील मागण्याचा हक्क त्यांनाही आहे. त्यासाठी कंपनी ५० रुपयांपर्यंत आकार घेऊ शकते आणि तो तपशील ३० दिवसांत द्यावा लागतो.

आता तारखा. या गृहस्थांनी ३ मार्च २०२५ रोजी कंपनीच्या तक्रार केंद्रावर तक्रार नोंदवली असे धरू. १९८ हा त्यासाठीचा निःशुल्क क्रमांक. तक्रार नोंदवताच केंद्राने एक स्वतंत्र क्रमांक द्यायचा असतो, त्यालाच सगळे डॉकेट नंबर म्हणतात. त्याचा एसएमएसही यायला हवा, आणि त्यात नोंदणीची तारीख, वेळ आणि तक्रार किती दिवसांत सुटेल ती मुदत असायला हवी. एसएमएसमध्ये मुदत आली असेल, तर तीच धरावी. आली नसेल, तर चार आठवडे ३१ मार्चला संपतात आणि सहा आठवडे १४ एप्रिलला.

अपील करायला मुदत संपल्यापासून ३० दिवस असतात. इथे लोक गोंधळतात, कारण मोजायचे २८ पासून की ४२ पासून, हे स्पष्ट नसते. यावर साधा उपाय आहे. ४२ दिवस पूर्ण होऊ द्यावेत, म्हणजे कंपनीची मुदत कोणत्याही मोजणीने संपली. आणि २८ अधिक ३० म्हणजे ५८ वा दिवस उलटण्याआधी अपील करावे, म्हणजे आपली मुदत कोणत्याही मोजणीने शिल्लक राहिली. ४३ ते ५८ या सोळा दिवसांत केलेले अपील दोन्हीकडून सुरक्षित आहे. आपल्या उदाहरणात हे दिवस १५ ते ३० एप्रिल. गृहस्थांनी १५ एप्रिललाच अपील केले, तर अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत, म्हणजे २४ मेपर्यंत यायला हवा.

घड्याळ कुठे चुकते

प्रत्यक्षात हा हिशेब तीन ठिकाणी बिघडतो, आणि तिन्ही ठिकाणी ग्राहकाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

पहिली जागा म्हणजे पुन्हा पुन्हा नोंदवलेली तक्रार. आठवडाभर काही झाले नाही की माणूस परत १९८ लावतो, नवा प्रतिनिधी नवा डॉकेट नंबर देतो आणि कंपनीच्या संगणकात घड्याळ पुन्हा शून्यावर येते. पाच आठवड्यांत पाच नंबर जमले, तरी पाचवी तक्रार अजून ‘मुदतीत’ असते. म्हणून नवी तक्रार नोंदवू नये. फोन केलाच, तर पहिला डॉकेट नंबर सांगून त्याचीच स्थिती विचारावी, आणि अपिलातही तोच नंबर व तीच तारीख लिहावी.

दुसरी जागा जास्त धोक्याची आहे. ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा एसएमएस येतो आणि बिल जसेच्या तसे राहते. लोक रागावून तो संदेश पुसून टाकतात. वास्तविक अपिलाचे ३० दिवस त्या संदेशाच्या दिवसापासून धावू लागतात. वरच्या उदाहरणात असा संदेश १० मार्चला आला असता, तर अपिलाची शेवटची तारीख ९ एप्रिल ठरली असती. १५ एप्रिलचे अपील उशिराचे ठरले असते. तेव्हा ४२ दिवसांचा हिशेब फक्त कंपनी गप्प बसली तरच लागू होतो. ती बोलली, मग काहीही बोलली असो, की त्या दिवसापासून मोजायचे. असा संदेश आला की त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा, तारीख दिसेल असा.

तिसरी जागा शोरूम. बुऱ्हाणपुरात कंपनीचे दुकान असले, तरी तिथल्या काउंटरवर दिलेला अर्ज म्हणजे नोंदलेली तक्रार नव्हे. काउंटरवरचा मुलगा अर्ज घेतो, वर शिक्का मारतो, आणि डॉकेट नंबर देत नाही. नंबर नाही म्हणजे तक्रार नाही, असेच समजावे, आणि त्याच दिवशी घरून १९८ वर नोंद करावी.

अपील कोणाकडे

प्रत्येक कंपनीने आपल्या प्रत्येक परवाना क्षेत्रासाठी, म्हणजे सर्कलसाठी, एक अपील प्राधिकारी नेमलेला असतो. अपिलाला फी नाही. ईमेलने, टपालाने किंवा हातोहात देता येते. प्राधिकाऱ्याला सल्ला देण्यासाठी दोन जणांची समिती असते. एक ट्रायकडे नोंदलेल्या ग्राहक संघटनेचा आणि एक कंपनीचा. प्राधिकारी कंपनीचाच माणूस असतो, हे खरे, आणि त्यामुळे या पायरीकडून फार अपेक्षा ठेवू नये. पण ती चढल्याशिवाय पुढे केलेल्या प्रत्येक तक्रारीला पहिले उत्तर ‘आधी अपील करा’ हेच मिळते. कंपन्यांच्या तक्रार केंद्रांचे आणि अपील प्राधिकाऱ्यांचे पत्ते ट्रायच्या `tccms.trai.gov.in` या संकेतस्थळावर मिळतात. अपिलाचाही स्वतंत्र क्रमांक असतो. तो मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

बुऱ्हाणपूरकरांनी इथे एक गोष्ट नीट पाहावी. मध्य प्रदेश सर्कलमध्ये मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येतात. पण आपल्याकडे रावेर, मुक्ताईनगर, जळगावशी रोजचे येणे-जाणे आणि सोयरीक. तिकडे घेतलेली सिमकार्डे बुऱ्हाणपुरात सर्रास चालतात, आणि ती महाराष्ट्र सर्कलची असतात. अपील तुम्ही राहता कुठे यावर जात नाही, तुमचा नंबर कोणत्या सर्कलचा आहे त्यावर जाते. शनवाऱ्यात राहणाऱ्या माणसाचे सिम जळगावचे असेल, तर त्याचे अपील महाराष्ट्र सर्कलच्या प्राधिकाऱ्याकडे. चुकीच्या सर्कलकडे गेलेले अपील परत फिरेपर्यंत ३० दिवस निघून जाऊ शकतात. बिलाच्या पहिल्या पानावर सर्कलचे नाव छापलेले असते. आधी ते वाचावे.

पत्र

२४ मे उलटला, अपिलाचा निर्णय आला नाही. आता ट्रायला लिहायचे. भोपाळला ट्रायचे क्षेत्रीय कार्यालय आहे. पत्र कोणत्या भाषेत लिहायचे, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी येतो. राज्यघटनेचे ३५० वे कलम सांगते की, गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याला, तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. त्यामुळे मराठीत लिहिलेले पत्र कोणी नाकारू शकत नाही. तरी हेच पत्र पुढे कंपनीकडे जाणार आहे, म्हणून सोबत हिंदी प्रत जोडली तर वाचणाऱ्याची सबब उरत नाही. पत्र असे असावे:

> प्रति,
> भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण,
> क्षेत्रीय कार्यालय, भोपाळ
>
> विषय: तक्रार निवारण नियम, २०१२ मधील मुदतींचे कंपनीकडून उल्लंघन; मोबाइल क्रमांक …, सर्कल मध्य प्रदेश.
>
> महोदय,
>
> माझ्या फेब्रुवारी २०२५ च्या बिलात मी न मागितलेल्या आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅकचे २,९९९ रुपये आणि त्यावरील जीएसटी ५३९.८२ रुपये, एकूण ३,५३८.८२ रुपये आकारले आहेत. उरलेले ५८८.८२ रुपये मी मुदतीत भरले असून पावती जोडली आहे.
>
> ३ मार्च २०२५ रोजी मी तक्रार केंद्रावर तक्रार नोंदवली. डॉकेट क्रमांक … . १४ एप्रिलपर्यंत, म्हणजे सहा आठवडे पूर्ण होईपर्यंत, कंपनीने कोणतेही उत्तर दिले नाही. १५ एप्रिल रोजी मी अपील प्राधिकाऱ्याकडे अपील केले. अपील क्रमांक … . ३९ दिवसांची मुदत २४ मे रोजी संपली. निर्णय मिळालेला नाही.
>
> माझ्या बिलाचा निवाडा प्राधिकरणाने करावा अशी माझी मागणी नाही. तक्रार आणि अपील या दोन्ही टप्प्यांवर कंपनीने प्राधिकरणाच्या नियमांतील मुदत पाळली नाही, याची नोंद घ्यावी, हे प्रकरण कंपनीकडे पाठवून लेखी उत्तर मागवावे आणि त्या पत्रव्यवहाराची प्रत मला द्यावी, ही विनंती.
>
> सोबत: बिलाची प्रत, पावती, डॉकेट क्रमांकाचा एसएमएस, अपिलाची प्रत व पोच.

एका पानात बसणारे पत्र आहे. त्यात मनस्ताप नाही, धमकी नाही, कंपनीच्या नावाने शिव्याशाप नाहीत. मनस्ताप झाला नाही असे नाही; पण तो मोजून देता येत नाही आणि तारखा देता येतात. शेवटच्या परिच्छेदातले पहिले वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. ‘आम्ही वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही’ हे ठरावीक उत्तर द्यायला त्या वाक्याने वाव राहत नाही, कारण तुम्ही ती मागणी केलेलीच नाही. तुम्ही नियामकाला त्याचाच नियम मोडला गेल्याची खबर देत आहात.

पत्राची प्रत कामाला येते ती पुढेही. दूरसंचार विभागाकडे `pgportal.gov.in` वर तक्रार करता येते. तिथे २०२४ पासून निवारणाची मुदत २१ दिवस आहे, पूर्वी ती ३० होती. २६ मेला तक्रार टाकली, तर १६ जूनपर्यंत उत्तर यायला हवे. हा विभाग परवाना देणाऱ्या सरकारचा, त्यामुळे तिथून गेलेल्या चौकशीला कंपनीला उत्तर द्यावेच लागते. पण बिल रद्द करा असा बंधनकारक हुकूम तिथूनही निघेलच असे नाही.

हुकूम कोण देतो

तो हुकूम जिल्हा ग्राहक आयोग देतो, आणि अहमदाबादच्या त्या ग्राहकाचे ऋण इथे मानले पाहिजे. १ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कृष्णन खटल्यात निकाल दिला होता. बिल थकले म्हणून फोन तोडल्याचे ते प्रकरण. ग्राहक मंचाने फोन जोडून देण्याचा आणि पाच हजार रुपये भरपाईचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो टिकू दिला नाही. १८८५ च्या तार कायद्यातल्या ७ब कलमात अशा वादांसाठी लवादाची सोय आहे, म्हणून ग्राहक मंचाला अधिकार नाही, असे म्हटले. त्यानंतरची बारा वर्षे कंपन्यांनी हा निकाल ढाल म्हणून वापरला. पाचशे-हजाराच्या बिलासाठी सरकारनियुक्त लवादाकडे कोण जाणार? २०२२ च्या निकालाने ती ढाल काढून घेतली. ग्राहक कायद्यातली ‘सेवा’ ही व्याख्या कोणत्याही प्रकारच्या सेवेला लागू आहे, दूरसंचार तिच्यात येतो, आणि लवादाची सोय असली म्हणून ग्राहक मंचाचा रस्ता बंद होत नाही, असे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर ‘टेलिकॉम’ हा शब्दच सेवेच्या व्याख्येत घातलेला आहे. त्यामुळे आज एखाद्या कंपनीचा वकील अधिकारक्षेत्राची हरकत घेऊन उभा राहिला, तर त्याला उत्तर द्यायला हे दोन आधार पुरेसे आहेत.

नव्या कायद्याने अंतरही कमी केले. तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय इंदुरात असो की मुंबईत, बुऱ्हाणपूरच्या माणसाने तिकडे जायची गरज नाही. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल, तर फी शून्य. मुदत दोन वर्षांची, आणि ती तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजतात. आपल्या उदाहरणात १६ जूनपर्यंत साडेतीन महिने संपलेले असतात, म्हणजे वीस महिने हातात राहतात. पण पोर्टलच्या उत्तराची वाट पाहत, पुन्हा पत्रे लिहीत, कोणी बसून राहिला, तर ती दोन वर्षेही निघून जातात. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही.

या रस्त्यालाही मर्यादा आहे. तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी असे कायदा म्हणतो, आयोगांत तारखा त्याहून लांबतात. शिवाय वादाचे बिल थकीत दिसत असेतोवर पोस्टपेड नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही, कारण थकबाकी हे पोर्टिंग नाकारण्याचे मान्य कारण आहे. धंद्याचा नंबर ज्याचा अडकला, तो पुष्कळदा कंटाळून साडेतीन हजार भरून मोकळा होतो. भरायचेच असतील, तर ‘हरकत राखून भरत आहे’ असे ईमेलने कंपनीला कळवून भरावेत. पैसे भरले म्हणजे बिल मान्य केले, असा अर्थ मग सहज काढता येत नाही. दाखल करण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर एकदा नोंद करून पाहावी, कारण काही प्रकरणे तिथेच मिटतात.

आयोगापुढे उभे राहाल तेव्हा तुमच्या बाजूने बोलणार आहेत ते डॉकेट क्रमांक, अपील क्रमांक, तारखा आणि ट्रायला लिहिलेले ते एक पान. म्हणून ज्यांची तक्रार आत्ता पडून आहे, त्यांना एवढेच सांगणे आहे: तुमच्याकडे अपील क्रमांक नसेल, तर ट्रायला पत्र पाठवू नका. आज पहिल्या डॉकेटची तारीख शोधा, तिच्यापुढे ५८ दिवस मोजा, आणि ४२ दिवस उलटल्यावर पण त्याआधी अपील करा. मध्येच ‘निकाली काढली’ असा एसएमएस आला असेल, तर त्या तारखेपुढे ३० दिवस.